टोरॉइडच्या बाहेरचं शून्य

"मॅडम, बाहेरच्या लूपमध्ये एकूण करंट शून्य, म्हणून टोरॉइडच्या बाहेर फील्ड शून्य, असं तुम्ही फळ्यावर लिहिता. मग दोन समांतर तारांत उलटसुलट करंट सोडला तरी बेरीज शून्यच होते की! तिथं फील्ड का असतं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, फळ्यावरचं ते वाक्य अर्धंच आहे. अँपिअरचा नियम फक्त बेरजेबद्दल बोलतो. बंद वाटेनं एक फेरी मारायची, पावलोपावली वाटेच्या दिशेनं किती फील्ड आहे ते मोजत जायचं, आणि फेरी पुरी झाली की ती बेरीज आत वेढलेल्या करंटच्या μ₀ पट भरते. दोन उलट्या तारांभोवतीच्या वर्तुळावर फील्ड काही ठिकाणी फेरीच्या दिशेनं असतं, काही ठिकाणी विरुद्ध. बेरीज शून्य होते, फील्ड जागच्या जागी राहतं. टोरॉइडमध्ये, म्हणजे रिंगच्या अंगाभोवती तार गुंडाळून केलेल्या कॉइलमध्ये, मात्र बेरजेवरून थेट फील्ड काढता येतं, आणि त्याचं श्रेय नियमाइतकंच रिंगच्या आकाराला आहे. रिंग अक्षाभोवती थोडी फिरवली तरी ती तशीच दिसते, त्यामुळे अक्षाभोवतीच्या वर्तुळावर प्रत्येक बिंदूपाशी वाटेच्या दिशेचं फील्ड सारखंच असलं पाहिजे. सगळे आकडे सारखे आणि बेरीज शून्य, तर प्रत्येक आकडा शून्य.

आम्ही प्रयोगशाळेत वापरतो ती रिंग घेऊ. सुताराकडून करून घेतलेली लाकडी रिंग, आतली त्रिज्या ८ सेंमी, बाहेरची १२ सेंमी, उंची ४ सेंमी. तांब्याची वीस नंबरची इनॅमल तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. ५०० वेढ्यांना साधारण ८० मीटर लागते. प्रत्येक वेढ्याला सगळी तार भोकातून ओवावी लागते, म्हणून ती आधी लाकडी धोट्यावर गुंडाळून घ्यायची. आतल्या कडेचा घेर जेमतेम ५० सेंमी, त्यामुळे तिथं वेढे एकमेकांना चिकटून बसतात. बाहेरच्या कडेला त्यांच्यात अर्धा-अर्धा मिलिमीटर फट पडते.

आता २ अँपिअर करंट सोडा. भोकात, ८ सेंमीच्या आत, वर्तुळ काढलं तर त्यातून एकही तार जात नाही. १० सेंमीचं वर्तुळ रिंगच्या पोटातून जातं. आतल्या कडेच्या पाचशेच्या पाचशे तारा त्याच्या आत येतात, सगळ्यांत करंट खालच्या दिशेनं, म्हणजे एकूण १००० अँपिअर. B = μ₀NI/2πr मध्ये घातलं की २ मिलिटेस्ला येतात, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या जवळजवळ पन्नासपट. आतल्या कडेला २.५, बाहेरच्या कडेला १.६७. वर्तुळ १२ सेंमीच्या बाहेर नेलं की बाहेरच्या कडेनं वर चढणाऱ्या पाचशे ताराही आत येतात आणि बेरीज शून्य होते.

इथंच थांबलं तर उत्तर अजून अपुरं आहे. एवढ्यानं फक्त वर्तुळाच्या दिशेचं फील्ड शून्य ठरलं. अक्षाला समांतर, किंवा अक्षापासून बाहेरच्या दिशेनं जाणारं फील्ड असेल तर? वर्तुळावरच्या बेरजेत ते धरलंच जात नाही.

त्यासाठी मनातल्या मनात अक्षातून जाणारा एक उभा आरसा धरा. करंटचं एक छोटं कडं आरशाला समांतर ठेवलं, तर प्रतिबिंबातही करंट त्याच दिशेनं फिरतो. म्हणून आरशाला लंब असलेलं फील्ड प्रतिबिंबात तसंच राहतं. कडं आरशाला काटकोनात उभं केलं की प्रतिबिंबात करंट उलटा फिरतो. म्हणजे आरशाच्या पातळीतलं फील्ड प्रतिबिंबात उलटतं. आता टोरॉइड बघा. डावीकडचा वेढा प्रतिबिंबात उजवीकडच्या वेढ्यावर जाऊन बसतो, आणि दोन्हीकडे आतल्या तारेत करंट खालीच जातो. करंट तोच, मग फील्डही तेच हवं. पण आरशावरच्या बिंदूपाशी अक्षाला समांतर आणि बाहेरच्या दिशेचं, दोन्ही फील्ड आरशाच्या पातळीत असतात, म्हणून ती उलटायला हवीत. तीच राहायची आणि उलटायचीही, हे फक्त शून्यालाच जमतं. मला या विषयात सगळ्यात आवडतो तो हा टप्पा, आणि वर्गात घाईनं गाळला जातो तोही हाच.

याच आरशात खऱ्या गुंडाळीतला दोषही दिसतो. तार प्रत्येक वेढ्याला थोडी थोडी पुढे सरकते आणि पाचशे वेढ्यांत रिंगभोवती एक पूर्ण चक्कर मारते. म्हणजे वेढ्यांव्यतिरिक्त २ अँपिअर करंट रिंगच्या बाजूनंही एकदा फिरतो. आरशात ही चक्कर उलटी दिसते, त्यामुळे वरचा युक्तिवाद तिला लागू पडत नाही. हवं तर अँपिअरच्याच नियमानं पाहा. भोकातून खाली जाऊन बाहेरून वर येणारी, रिंगच्या अंगाभोवतीची वाट घ्या. तिच्यातून एकूण २ अँपिअर जातात, शून्य नाही. म्हणून बाहेर एका वेढ्याच्या कॉइलइतकं फील्ड उरतं. सरासरी त्रिज्या १० सेंमी धरली तर केंद्रापाशी μ₀I/2R, म्हणजे सुमारे १२.६ मायक्रोटेस्ला.

हे होकायंत्रावर सरळ दिसतं. रिंग उभी करा, तिची पातळी उत्तर-दक्षिण ठेवा आणि भोकाच्या मधोमध होकायंत्र धरा. पुरवठ्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन आणा, नाहीतर त्यांचंच फील्ड मोजाल. आपल्याकडे पृथ्वीचं आडवं फील्ड ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं, त्यामुळे करंट सुरू होताच सुई साधारण १७ अंश वळते. करंट उलटा केला की ती दुसऱ्या बाजूला तेवढीच जाते. पुस्तकात शून्य लिहिलेल्या जागी मुलांना हे दिसतं तेव्हा पहिला संशय ॲमीटरवर घेतला जातो. ॲमीटर ठीक असतो.

यावर उपाय म्हणजे शेवटचं टोक रिंगच्या अंगावरून, मधल्या त्रिज्येनं, उलट दिशेनं एक चक्कर फिरवून सुरुवातीच्या टोकापाशी आणायचं. तोच करंट उलटा फिरतो आणि सुई जवळपास उत्तरेला परतते. थर दोन द्यायचे असतील तर दुसरा थर मागे सरकत गुंडाळायचा, वेढ्यांची दिशा मात्र तीच ठेवायची. तो पुढेच नेला तर चकरा दोन होतात आणि गळती दुप्पट. करंट मोजायच्या रोगोव्स्की कॉइलमध्ये परतीची तार गुंडाळीच्या पोटातून मागे आणतात, तीही याचसाठी.

वेढे विषम पडल्यानं होणारी गळती वेगळी, तिची चाचणीही वेगळी. रिंग आडवी ठेवा आणि होकायंत्र तिच्या निम्म्या उंचीवर धरून बाहेरच्या कडेनं फिरवा. एका चकरेचं फील्ड तिथं उभ्या दिशेनं असतं, सुईला ते कळत नाही. ठिकठिकाणी करंट चालू-बंद करून पाहा. जिथं सुई हलते तिथं वेढे विरळ पडलेत किंवा एकावर एक चढलेत. बहुतेक वेळा ती जागा दोन टोकांजवळच सापडते.