अगत्तीचा फ्लॉवर आणि त्याचे भाडेकरू

पुण्यात वाढलेल्या माणसाला दगड म्हणजे काळा दगड. पर्वती चढा नाहीतर सिंहगड, पायाखाली तोच. त्यामुळे कोचीहून निघालेल्या छोट्या विमानाच्या खिडकीतून लक्षद्वीपमधलं अगत्ती दिसलं तेव्हा मला पहिल्यांदा ते खोटंच वाटलं, निळ्या पाण्यात एक पांढरी लांबुडकी रेघ आणि त्यावर नारळ, एवढंच. डोंगर नाही, टेकडी नाही, काळं काहीच नाही. शेजारच्या सीटवर माझी मावशी, वय ६४, बँकेतून रिटायर, सदाशिव पेठेतल्या वाड्यात आयुष्य काढलेली. ती म्हणाली, "एवढंसंच? आणि यासाठी परमिटचे कागद गोळा करत बसलास?"

खरं तर गंमत अशी की या पांढऱ्या बेटाच्या तळाशी आपलाच काळा दगड आहे. रीयुनियन बेटाखालच्या ज्या ज्वालामुखीच्या हॉटस्पॉटने सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा बेसाल्ट ओतला, त्याच्यावरून आपली भूमी उत्तरेकडे सरकत गेली आणि मागे समुद्रात जी रांग उरली त्यावर लक्षद्वीप बसलंय. ते डोंगर हळूहळू खचत गेले आणि वर प्रवाळ बांधत राहिलं, खचण्याच्या वेगाने. हे डार्विनने १८४२ मध्ये पुस्तकात मांडलं होतं पण पार तळापर्यंत भोक पाडून बघितलं ते थेट १९५२ मध्ये, पॅसिफिकमधल्या एनेवेटाक बेटावर, आणि ज्वालामुखीचा दगड लागायला १,२०० मीटरपेक्षा जास्त चुनखडी उकरावी लागली. सिंहगड समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर. म्हणजे जवळजवळ अख्खा सिंहगड, तोही मिलिमीटरभर जनावरांनी बांधलेला!

दुसऱ्या दिवशी सकाळी लगूनमध्ये, म्हणजे बेटालगतच्या उथळ शांत पाण्यात उतरलो. भाड्याचा मास्क गळका निघाला, पहिली दहा मिनिटं मी फक्त नाकात पाणी घेत होतो. मग दुसरा मिळाला. खाली आधी नुसती वाळू, वीस-पंचवीस वेळा पाय मारले तरी एक मासा नाही, आणि मग एकदम एक फुटबॉलएवढं गुलाबीसर-तपकिरी झुडूप. मावशीने पाण्यावर डोकं काढून ओरडून सांगितलं, "अरे, फ्लॉवर आहे!" तिचं बरोबरच होतं, इंग्रजीतही या कोरलला कॉलिफ्लॉवरच म्हणतात. शास्त्रीय नाव पोसिलोपोरा. फांद्यांवर चामखिळींसारखे बारीक उंचवटे दिसले की ओळखायचं.

त्या दिवशी आम्ही तासभर त्या एकाच झुडपाभोवती घिरट्या घातल्या. आमच्याबरोबरचा तिथला मुलगा कंटाळला असणार.

नीट पाहिलं तर फांदीवर मिलिमीटरभराचे खळगे दिसतात आणि प्रत्येकात एक पॉलिप असतो. पॉलिप म्हणजे जेलीफिशचा चुलतभाऊच, एक छोटी पिशवी, वर तोंड, तोंडाभोवती डंख मारणारे इवलेसे हात. आत जायचा आणि बाहेर यायचा रस्ता एकच (मावशी: "शी!"). आता बांधकाम. पॉलिपच्या बुडाखाली आणि त्याच्या दगडाच्या मध्ये पाण्याची अगदी पातळ फट असते. बुडाच्या पेशी त्या फटीत कॅल्शियम ढकलतात आणि आम्लता बाहेर काढतात, त्यामुळे तिथलं पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा जास्त अल्कधर्मी होतं आणि चुन्याचे स्फटिक धरायला लागतात. चहाच्या भांड्याच्या तळाला क्षार बसतात तसंच काहीसं, फक्त इथे ते मुद्दाम आणि नक्षीत बसवलेले. मजला भरत आला की पॉलिप वर सरकतो, खाली नवी फरशी घालतो, जुनी खोली रिकामी राहते. म्हणून एवढ्या मोठ्या झुडपात जिवंत भाग म्हणजे फक्त वरची पातळ साल, बाकी सगळं मोकळं घर. आणि हे हजारो पॉलिप एकाच अळीपासून निघालेले, पहिल्याला कोंब फुटत फुटत झालेले जुळे भाऊच, एकमेकांना कातडीने जोडलेले, एकाने खाल्लं तर शेजाऱ्याला पोचतं.

पण एवढ्या बांधकामाला पैसा कुठून? हा मावशीचा प्रश्न, बँकवाली ना. पैसा उन्हातून. पॉलिपच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर साखर बनवतं आणि बहुतेक मालकाला देतं, मालकाच्या एनर्जीचा ९० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा त्यातून येऊ शकतो. म्हणूनच यांना उथळ आणि नितळ पाणी लागतं. मालवणला पण कोरल आहेत, पण तिथे पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, पाणी गढूळ, त्यामुळे खडकांवर तुकडे-तुकडे दिसतात, असा अख्खा डोंगर काही उभा राहत नाही.

आता भाडेकरू. मी हात पुढे केला तसे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सहा-सात मासे एका झटक्यात फांद्यांत गायब झाले. हात मागे, परत बाहेर. मोठ्या माशाचं तोंड त्या फटीत शिरत नाही, एवढं साधं गणित आहे. बोटाएवढ्या फटीत हे मासे, त्याहून बारीकमध्ये कोळंबी, अजून आत खेकडे, मेलेल्या बुडाला भोकं पाडून राहणारे किडे आणि स्पंज, म्हणजे खोल्यांचे जितके आकार तितके बिऱ्हाडकरू. सपाट वाळूवर असा आडोसाच नाही, तिथे लपणार कुठे. कोरलचे असे डोंगर सगळ्या समुद्रतळाच्या एक टक्क्यापेक्षाही कमी जागेत, तरी तिथे समुद्रातल्या साधारण पाव जाती आयुष्याचा काही ना काही काळ काढतात, त्याचं बरंचसं उत्तर या फटींत आहे.

"आणि भाडं?" मावशी. वाड्यात दरमहा भाड्यावरून झालेली भांडणं तिने जन्मभर ऐकलीयेत.

देतात की. हे पट्टेवाले मासे दिवसभर पाण्यातले बारीक जीव खातात आणि घरी येऊन शू करतात, त्यातला अमोनिया आतल्या शैवालाला खत. रात्री ऊन नसतं, फांद्यांमधला ऑक्सिजन उतरतो, तेव्हा हे आत झोपलेले मासे पंख हलवत राहतात आणि पाणी खेळतं राहतं. खेकड्यांचं तर अजून भारी. ट्रॅपेझिया नावाचा नखाएवढा खेकडा, बहुतेक नवरा-बायकोची जोडी, कोरलचा चिकट द्रव खाऊन राहते. कोरल खाणारा काटेरी तारामासा फांदीवर चढायला लागला की ते त्याचे पाय चिमट्यात धरतात, तो वैतागून दुसरीकडे जातो. फांद्यांवर पडलेला गाळही तेच झाडतात. पॅसिफिकमधल्याच मूरेआ बेटावर संशोधकांनी काही झुडपांतले खेकडे काढून पाहिले, महिन्याभरात त्यातली बरीचशी गाळाने मेली, खेकडेवाली तगली. आम्ही पण वाकून वाकून बघितलं, एका फटीत नारिंगी काहीतरी हललं. मावशी म्हणते तोच. मी पैज लावणार नाही.

थोडं पुढे गेल्यावर मूड उतरला. झुडपंच झुडपं, पण करड्या लवेने मढलेली. इथे १९९८, २०१० आणि २०१६ ला पाणी तापलं होतं. नेहमीच्या उन्हाळ्याच्या कमालपेक्षा एखादा डिग्री जास्त, तेही काही आठवडे टिकलं, की पॉलिप आतलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरं म्हणजे मेलेलं असं नाही हां, कातडी काचेसारखी आणि शाबूत असते, पाणी लवकर निवलं तर वाचतो. वर बुरशीसारखी लव चढली की मालक गेला. मजा म्हणजे काही मासे तरीही तिथेच होते, घर उभं आहे तोवर राहतात. पण पडझड दुरुस्त करणारा उरलेला नसतो, पोखरणारे किडे-स्पंज आणि लाटा चालूच, काही वर्षांत फांद्या मोडून खडी होते आणि मग सगळेच बिऱ्हाड हलवतात.

संध्याकाळी किनाऱ्यावर मावशीने वाळूतून कोरलचा एक पांढराशुभ्र तुकडा उचलला, त्यावर खळगे मोजले, आणि हळूच पर्समध्ये टाकला, तुळशीच्या कुंडीत छान दिसेल म्हणे. कोरलला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे आणि एअरपोर्टवर बॅगा तपासतात हे सांगितल्यावर तोंड वाकडं करून परत ठेवला. मग बोटातली पोवळ्याची अंगठी माझ्यासमोर नाचवली, "मग ही?" ती वेगळ्या जातीची, खोल पाण्यातली, ती असले डोंगर बांधत नाही, असं मी सांगत होतो तोवर ती चहाच्या टपरीकडे निघालीसुद्धा.