डोस वाढत होता, टीएसएच उतरत नव्हता

डिचोलीच्या माझ्या दवाखान्यात त्या दिवशी पेडण्याकडच्या एक शिक्षिका सासूबाईंना घेऊन आल्या. शिक्षिकाबाईंचीच फाईल उघडली. थायरॉईडची गोळी पन्नास मायक्रोग्रॅमपासून चढत चढत १७५ वर पोचलेली, आणि थायरॉईडचं संप्रेरक कमी पडलं की रक्तात चढणारा टीएसएच ताज्या तपासणीत ४१. वजन ५४ किलो. थायरॉईड पूर्ण थंडावला असला तरी किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात. म्हणजे त्यांना ८५-९० पुरायला हवे होते, आणि त्या त्याच्या दुप्पट घेत होत्या.

अशा वेळी गोळी चुकते का, हे आधी विचारावंच लागतं. मी विचारलं तशा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळे हेच विचारतात, डॉक्टर." सासूबाई पुढे सरसावल्या, "पहाटे पाच वाजता गोळी मी स्वतः तिच्या हातावर ठेवते. वर पाणीच. सहापर्यंत चहासुद्धा देत नाही." इतकी ठाम साक्ष मिळाल्यावर प्रश्न बदलला. गोळी पोटात जाते आहे, पण रक्तात जाते आहे का?

थायरॉईडच्या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन जठरात विरघळतं आणि लहान आतड्यातून शोषलं जातं. विरघळायला आम्ल लागतं, शोषायला आतड्याचं अस्तर शाबूत लागतं. त्यांच्या बाबतीत दोन्हीकडे गळती निघाली.

पहिली पर्समध्येच सापडली. ॲसिडिटीसाठी दोन वर्षं रोज पॅन्टोप्रॅझोल चालू होतं. ते 'थायरॉईडच्या गोळीनंतर तासाभराने' घेतात म्हणून कुणाला खटकलं नव्हतं. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीला चार तासांचं अंतर पुरतं, कारण त्या गोळ्या आतड्यात औषधाला चिकटतात. पॅन्टोप्रॅझोल मात्र आम्ल तयार करणारे पंपच बंद पाडतं आणि त्याचा परिणाम दिवसभर टिकतो. घड्याळ पुढेमागे करून इथे काही साधत नाही. ज्यांना ते खरोखर गरजेचं असतं त्यांनी घ्यावं, फक्त सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून डोस ठरवावा. या बाईंना तसं सबळ कारण दिसेना, म्हणून हळूहळू कमी करत थांबवलं.

आठ आठवड्यांनी टीएसएच २४. उतरला, पण पुरेसा नाही. पॅन्टोप्रॅझोल एवढी मोठी तफावत एकट्याने करेल, हे मला पहिल्या दिवसापासून पटत नव्हतं. फाईलमध्ये आणखी एक गोष्ट होती: हिमोग्लोबिन ८.९, तेही रात्री लोहाची गोळी नेमाने घेऊन. दोन वेगळ्या गोष्टी एकाच आतड्यातून आत जात नसतील तर आतडंच तपासायला हवं. मी विचारलं, "सकाळी काय खाता?"

"पोदेर येतो ना. पोई. संध्याकाळी उंडे."

गोंयकार म्हणजे भात-हुमण, असं धरून चालल्यामुळे आपल्याकडे सिलिअ‍ॅक रोगाची शंका उशिरा येते. पण पोदेराचे पोई-उंडे हे पाव गव्हाचेच. गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं, शोषणारे बारीक उंचवटे सपाट होतात. जुलाब व्हायलाच हवेत असं नाही. या बाईंना नव्हते. थायरॉईडचा हाशिमोटो आजार असलेल्यांत हा रोग इतरांपेक्षा जास्त आढळतो, दोन्ही स्वप्रतिकारशक्तीचेच विकार. सिलिअ‍ॅकमध्ये रक्तात वाढणाऱ्या टीटीजी प्रतिपिंडांचं प्रमाण खूप वाढलेलं निघालं. त्याच संध्याकाळपासून पोई बंद करायला त्या तयार होत्या, मीच थांबवलं. गहू आधी सोडला तर तपासण्या खोट्या नॉर्मल येऊ शकतात. एंडोस्कोपीत आतड्याचा तुकडा घेऊन निदान पक्कं झालं, मग गहू सुटला.

पोई सोडणं कळतं, पण मासळी तळायचा रवा? तो गव्हाचाच. सासूबाईंनी तांदळाचं पीठ धरलं. डब्यातल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, ते लेबल वाचून बदललं.

खरा धोका पुढे असतो, आणि मला तो सांगायचाच आहे. अस्तर भरून येऊ लागलं की तीच १७५ ची गोळी पूर्ण आत जाऊ लागते. काही महिन्यांनी बाई आल्या त्या छाती धडधडते, झोप लागत नाही म्हणून. टीएसएच ०.०८. डोस आधी १२५, मग १०० वर आणला. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांतही एकच दिशा धरून चालत नाही: जठर-आतड्याच्या बायपासमुळे शोषण घटून डोस वाढवावा लागू शकतो, तर उतरलेल्या वजनामुळे गरज कमीही होते. तिथेही वारंवार तपासूनच ठरवावं लागतं.

आता १०० वर टीएसएच २.६ आहे आणि हिमोग्लोबिन ११.८. सख्ख्या नात्यात हा रोग असण्याची शक्यता वाढते, म्हणून मुलीचीही टीटीजी तपासणी लिहून दिली आहे. तोवर तिची पोई चालू ठेवायला सांगितलं आहे.