तीनदा परत आलेले पत्रक आणि कूलरच्या सतरा चिठ्ठ्या

विजतंत्री व्यवसायाचा निदेशक म्हणून आयटीआयमध्ये अनेक वर्षे शिकवल्यानंतर मी निवृत्त झालो, आणि घरातली विजेची उपकरणे स्वतः तपासायला शिकवणारे मराठी यूट्यूब चॅनेल काढायचे ठरवले. फोन होता, तिवई होती, चित्रण करायला भाचा तयार होता आणि चॅनेल उघडायला दहा मिनिटेही लागत नाहीत. अडलो ते विषय ठरवताना. त्यात माझे पाच आठवडे गेले, आणि त्यांतले तीन एका पत्रकापायी गेले, याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही.

नागपुरातच एका खासगी कार्यशाळेत मी पैसे भरून नाव नोंदवले होते. तिथे प्रत्येकाने एक पत्रक भरून द्यायचे असे. चॅनेलचा विषय एका ओळीत लिहायचा, प्रेक्षक कोण ते सांगायचे आणि पहिल्या दहा भागांची नावे द्यायची. पत्रक मंजूर झाल्याशिवाय पुढच्या सत्राला बसता येत नसे. पहिल्यांदा मी ‘घरगुती विजेची दुरुस्ती’ असे लिहिले, तर आठवड्याने पत्रक परत आले आणि त्यावर ‘विषय फार रुंद’ एवढेच लिहिलेले होते. मग मी ‘कूलरची दुरुस्ती’ असे लिहिले. तेही आठवड्याने परत आले, या वेळी शेरा होता ‘विषय फार अरुंद, हंगामी’. तिसऱ्यांदा दोन्हींच्या मधले काहीतरी लिहिले, तेव्हा ‘स्पष्टता नाही’ असा शेरा आला. रुंद म्हणजे किती आणि अरुंद म्हणजे किती, हे मोजायचे कसे, असे मी दोनदा विचारले. उत्तर मिळाले ते ‘आवड, ज्ञान आणि मागणी जिथे एकत्र येतात तिथे विषय असतो’ असे. हे खोटे नाही, पण त्याने माझ्या दोन्ही ओळींपैकी एकही मोजता येत नव्हती. वर्गात मी विद्यार्थ्याला कधी नुसते ‘जोडणी चुकली’ असे सांगून परत पाठवले नाही. कुठल्या टोकाला चुकली ते दाखवले. म्हणून ते शेरे मला फार लागले.

शेवटी मोजण्याची रीत घरीच सापडली. कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करून मी प्रत्येकीवर एकच बिघाड लिहीत गेलो. दोन संध्याकाळींत त्रेचाळीस चिठ्ठ्या झाल्या. भाच्याने त्या वाचून एक प्रश्न विचारला: “मामा, तुम्ही इम्पेलर जाम झाला असं लिहिलं, पण काकू असं म्हणते का? ती तर म्हणते, पंप चालू आहे पण पाणी चढून नाही राहिलं.” त्याचे म्हणणे बरोबर होते. मी सुटा भाग लिहीत होतो आणि घरातला माणूस लक्षण बोलतो. शोधाच्या चौकटीतही तो लक्षणच टाइप करतो. मग सगळ्या चिठ्ठ्या मी लक्षणांच्या भाषेत पुन्हा लिहिल्या. यूट्यूबच्या शोधचौकटीत ‘कूलर पाणी’ एवढेच टाइप करून थांबले की खाली लोकांनी शोधलेली वाक्ये सुचवली जातात, तीही ताडून पाहिली. हे काम विषय ठरवण्याच्या आधी करावे, नंतर नव्हे.

त्यानंतर मी दोन चाचण्या लावल्या. पहिली चाचणी रुंदीची. ढिगातून कोणत्याही दोन चिठ्ठ्या उचलायच्या आणि विचारायचे, की पहिली चिठ्ठी ज्याच्या उपयोगाची आहे त्याच माणसाला, त्याच घरात, तीन महिन्यांच्या आत दुसरी लागेल का? ‘शेतातली थ्री फेज मोटर सुरू होत नाही’ आणि ‘मिक्सरचे भांडे फिरत नाही’ या दोन चिठ्ठ्या हातात आल्या तेव्हा उत्तर स्पष्ट होते. एक पाहणारा दुसऱ्यासाठी परत येणार नाही. त्रेचाळीस चिठ्ठ्यांतून उचललेल्या निम्म्याहून अधिक जोड्या अशाच निघाल्या. म्हणजे पहिला शेरा योग्य होता, फक्त त्याचे कारण मला कोणी दिले नव्हते. विषय रुंद असतो तो त्यात वस्तू अनेक आहेत म्हणून नव्हे, तर पाहणारी माणसे वेगवेगळी आहेत म्हणून.

दुसरी चाचणी अरुंदपणाची. एक अपूर्ण वाक्य घेतले: ‘कूलर असे असे करतो, तर आधी काय पाहावे?’ ‘असे असे’च्या जागी चिठ्ठ्या भरत गेलो. कूलरच्या चिठ्ठ्या सतरा होत्या, त्यामुळे मला वाटले की दहा भाग सहज होतील. पण एकच उत्तर असलेल्या चिठ्ठ्या एकत्र ठेवल्या, तेव्हा त्या नऊच उरल्या. उदाहरणार्थ, ‘हवा गार लागत नाही’, ‘एका बाजूची घास कोरडी राहते’ आणि ‘पाणी एकाच कोपऱ्यातून पडते’ या तिन्हींची तपासणी एकच आहे. पाणी वाटणाऱ्या नळीची भोके क्षाराने बुजली आहेत का आणि कूलर तिरपा उभा आहे का, एवढेच पाहायचे असते. नऊपैकी दोघींचे उत्तर अर्ध्या मिनिटात संपणारे होते, म्हणून त्या लघुचित्रफितींसाठी बाजूला काढल्या. उरले सात भाग. दहासुद्धा नाहीत, आणि पावसाळा लागून हवा दमट झाली की कूलरचा उपयोगच संपतो, कारण तो पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. दुसरा शेराही असा खरा ठरला. ज्या वाक्यात तीसेक चिठ्ठ्या बसत नाहीत, त्यावर एक मालिका होईल, चॅनेल होणार नाही, असे माप मी तेव्हापासून धरले आहे.

कोंडी सुटली ती दोन्ही चाचण्या एकाच ढिगावर लावल्यामुळे. पहिल्या चाचणीत ‘त्याच घरात’ हे शब्द होते. मी चिठ्ठ्या वस्तूंप्रमाणे लावणे सोडून महिन्यांप्रमाणे लावल्या. नागपूरच्या घरात होळीच्या सुमारास कूलर निघतो, जूनमध्ये आत जातो, पहिल्या पावसात ओलीमुळे मेन बोर्डावरचा सुरक्षा स्विच पडू लागतो, लोडशेडिंग झाले की इन्व्हर्टरची आठवण होते, दिवाळीनंतर गीझर चालू होतो. माणूस एकच, घर एकच, बिघाड ऋतूप्रमाणे बदलतो. असे लावल्यावर छत्तीस चिठ्ठ्या एका रांगेत बसल्या. विषयाची ओळ मग आपोआप झाली: ‘या महिन्यात आपल्या घरातले काय बिघडेल आणि मिस्त्रीला बोलावण्याआधी काय पाहावे’. चॅनेलच्या नावात कूलर हा शब्द घ्यायचा नाही हेही त्याच क्षणी ठरले. मी आधीचे नाव जवळजवळ नक्की केले होते.

भागाची मांडणी ठरवायला मात्र मंजुरीपत्रक नव्हे, शेजारच्या काकू उपयोगी पडल्या. मी नमुना म्हणून बावीस मिनिटांचा एक भाग केला होता, त्यात सुरुवातीची दोन मिनिटे माझी ओळख होती. तो असूचीबद्ध, म्हणजे दुवा असलेल्यालाच दिसेल असा, ठेवून त्यांना दुवा पाठवला आणि त्या पाहत असताना शेजारी गप्प बसलो. त्यांनी अंगठ्याने पट्टी चार वेळा पुढे ओढली, पंप दिसला तिथे थांबल्या, तेवढे पाहिले आणि फोन ठेवला. त्यांच्या त्या अंगठ्याने मला सगळे सांगितले. आता प्रत्येक भागाची घडण एकच आहे. पहिल्या दहा सेकंदांत बिघडलेली वस्तू तिच्या आवाजासह दिसते. नंतर प्लग काढलेला हात दिसतो. मग तपासण्या खर्चाच्या क्रमाने येतात: आधी फुकटची, मग शंभर रुपयांच्या आतली, आणि शेवटी ‘इथून पुढे मिस्त्री’ ही रेघ. भाग नऊ मिनिटांच्या आत संपतो. वर्णनात प्रकरणांच्या वेळा लिहितो, म्हणजे काकूंना पट्टी ओढावी लागत नाही. त्यात पहिली वेळ 0:00 असावी लागते, किमान तीन वेळा द्याव्या लागतात आणि प्रत्येक तुकडा किमान दहा सेकंदांचा असावा लागतो, नाहीतर प्रकरणे दिसतच नाहीत.

प्लग काढण्याचे दृश्य भागात कायमचे बसवण्यामागे कारण आहे. लोखंडी कूलरमध्ये वीज उतरून माणसे दगावतात, हे आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात ऐकू येते. म्हणून अर्थिंगचा भाग पहिला करावा असा माझा आग्रह होता. पण झिणझिण्या आल्याशिवाय ते कोणी शोधत नाही आणि पहिलाच भाग कोणी पाहिला नाही तर पुढचेही अडतात. तेव्हा जी गोष्ट प्रत्येकाने पाहायलाच हवी ती वेगळ्या भागावर न सोडता घडणीतच घातली, आणि अर्थिंगचा सविस्तर भाग चौथा ठेवला.

एका भागाला माझे साधारण अकरा तास जातात, हे नमुन्यावरून कळले होते. त्यामुळे दर आठवड्याचा बेत सोडून मार्चच्या पहिल्या रविवारपासून दर पंधरा दिवसांनी एक भाग असे धरले. पहिला भाग पाणी चढत नाही यावर, कारण कूलर काढल्या दिवशी पहिली तक्रार तीच असते. दुसरा पाणी एका बाजूने पडते. तिसरा पंखा गुरगुरतो पण फिरत नाही: प्लग काढून पाते हाताने फिरवायचे, ते मोकळे फिरले तर संशय कंडेन्सरवर घ्यायचा, जड लागले तर बुश किंवा बेअरिंगवर. कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असू शकते, म्हणून तो बदलणे ‘मिस्त्री’च्या रेघेपलीकडे. चौथा झिणझिण्या आणि अर्थिंग, पाचवा घासेचा वास आणि ती बदलण्याची वेळ, सहावा टाकीची गळती, सातवा कूलर चालू असूनही खोली चिकचिकीत होणे, ज्याचे उत्तर बहुधा बंद खिडकीत असते, कारण ओली हवा बाहेर जायला वाट लागते. आठवा भाग जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो: कूलर धुऊन, वाळवून ठेवणे. नववा पावसात सुरक्षा स्विच पडणे. दहावा छताचा पंखा हळू फिरणे, त्यातही संशयित कंडेन्सरच असल्याने तिसऱ्या भागाचा प्रेक्षक तिथे पुन्हा भेटतो. आठव्यापासूनचे तीन भाग मुद्दाम असे ठेवले आहेत, की कूलरसाठी आलेला माणूस पावसाळ्यात पोचेल.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. कूलर चालू असताना बोलू नये. फोनमध्ये फक्त घरघर येते. वीस सेकंद कूलरचे चित्रण घ्यावे, तो बंद करावा आणि मग बोलावे. शिवाय पहिले चार भाग तयार झाल्यावरच पहिला प्रसिद्ध करावा. आम्ही ते जानेवारी-फेब्रुवारीत माळ्यावरचा कूलर खाली उतरवून केले, तेव्हा काकूंनी थंडीत कूलर का काढला म्हणून दोनदा विचारले.

चौथ्यांदा ते पत्रक मी दिले नाही आणि उरलेल्या सत्रांनाही गेलो नाही. छत्तीस चिठ्ठ्या महिन्यांच्या बारा पाकिटांत आहेत. ऑक्टोबरच्या पाकिटात गीझरच्या पाच चिठ्ठ्या आहेत आणि त्यांचे चित्रण ऑगस्टमध्ये सुरू करायचे आहे.