रिव्ह्यू बघणारा किमतीवर कधी उडी मारतो: सीकच्या नोंदींतून आतापर्यंत हाती लागलेलं

हेडफोनच्या बारा मिनिटांच्या रिव्ह्यूवर काम चालू आहे. प्रेक्षक कुठून उठून किमतीकडे किंवा निष्कर्षाकडे धावतो, हे मला बघायचं आहे. कुठल्या क्षणी किती प्रेक्षक बघत होते हे दाखवणारा यूट्यूबचा रिटेन्शन ग्राफ त्यासाठी पुरत नाही. त्यात व्हिडिओ लांबीनुसार शंभर तुकड्यांत वाटलेला असतो, म्हणजे बारा मिनिटांच्या व्हिडिओत एक तुकडा ७.२ सेकंदांचा. किमतीच्या जागी उंचवटा दिसतो, पण तिथे आलेला माणूस सलग बघत आला की पहिल्या मिनिटातून उडी मारून आला, हे त्या उंचवट्यावरून कळत नाही. म्हणून तोच व्हिडिओ स्वतःच्या पानावर साध्या `<video>` टॅगमध्ये ठेवला आणि प्रत्येक उडीची, म्हणजे सीकची, सुरुवात आणि शेवट अशी जोडी नोंदवायला घेतली. पान उघडलं की एक यादृच्छिक क्रमांक तयार होतो. त्यापलीकडे प्रेक्षकाची कुठलीही ओळख साठवत नाही, आणि नोंद होते हे पानावर स्पष्ट लिहिलं आहे.

व्हिडिओची मांडणी अशी: ०:४० पासून बॉक्स, २:०० ला कानावर बसण्याबद्दल, ३:३० ला आवाज, ६:१० ला माइक, ७:४० ला बॅटरी, ९:०५ ला किंमत, १०:२० ला निष्कर्ष.

पहिली अडचण ब्राउझरच्या वागण्यातली. उडी सुरू झाल्याचं कळवणारा `seeking` इव्हेंट येतो तेव्हा `currentTime` मध्ये, म्हणजे व्हिडिओच्या चालू वेळेत, नवी जागा आधीच भरलेली असते. उडी कुठून मारली हे हवं असेल, तर शेवटची चालती वेळ आपणच धरून ठेवावी लागते. शिवाय टाइमलाइनवर बोट ओढत नेलं की एकाच हालचालीत इव्हेंटचा पाऊस पडतो. म्हणून ८०० मिलिसेकंद शांतता झाल्यावरच उडी पूर्ण झाली असं मानतो:

```js
let last = 0, from = null, to, t;
v.addEventListener('timeupdate', () => {
  if (!v.seeking) last = v.currentTime;
});
v.addEventListener('seeking', () => {
  clearTimeout(t);
  if (from === null) from = last;
});
v.addEventListener('seeked', () => {
  to = v.currentTime;
  clearTimeout(t);
  t = setTimeout(() => {
    log.push([from, to]); from = null;
  }, 800);
});
```

मागच्या वेळी जिथे थांबला होता तिथून व्हिडिओ पुढे सुरू करण्याची सोय पानावर असेल, तर स्क्रिप्टने केलेली ती उडीही याच नोंदीत शिरते. ती वेगळी खूण करून बाजूला काढायची, नाहीतर प्रेक्षकाने न मारलेल्या उड्या मोजल्या जातात.

आता खरा मुद्दा. एका उडीला काहीच अर्थ नसतो, अर्थ असतो साखळीला. एका प्रेक्षकाची साखळी बघा. बॉक्स चालू असताना ०:५२ ला तो उठला आणि ४:३० वर उतरला. दोन सेकंद थांबला. मग ८:०० वर गेला, तीन सेकंद थांबला. मग ९:४० ला पोचला आणि लगेच दहा सेकंद मागे जाण्याचं बटण दोनदा दाबून ९:२० वर आला. तिथून मात्र ९:५८ पर्यंत सलग ऐकलं.

उड्या सुट्या मोजल्या तर या माणसाला आवाजात रस होता, बॅटरीत रस होता, असे दोन खोटे निष्कर्ष निघतात. साखळी धरली तर चित्र साफ होतं. त्याला किंमत हवी होती, ती कुठे आहे हे माहीत नव्हतं, मधले दोन थांबे फक्त चाचपणीचे होते. पुढे गेल्यावर थोडं मागे येणं ही शोध संपत आल्याची फार भरवशाची खूण आहे. ज्याला नुसता कंटाळा आलाय तो पुढे पुढेच जातो. ज्याला काहीतरी नेमकं सापडलंय तो वाक्याची सुरुवात पकडायला मागे येतो.

त्यामुळे मी साखळीचा आरंभ आणि तिचा मुक्काम एवढंच ठेवतो. आठ सेकंद किंवा त्याहून जास्त सलग बघितलं तर तो मुक्काम. किमतीला मात्र हा नियम लावता येत नाही. आकडा कानावर पडला की काम झालं, माणूस पाच सेकंदांत निघून जातो. म्हणून तिथे वेगळी कसोटी आहे: आकडा उच्चारला जातो तो क्षण त्याच्यासमोर वाजला का? वाजला तर मुक्काम किमतीवर, मग तो कितीही कमी वेळ थांबलेला असो.

आरंभाच्या जागा काढल्या तेव्हा बॉक्सच्या भागात गर्दी दिसणार हे अपेक्षितच होतं. त्याहून महत्त्वाची गर्दी आवाजाच्या भागात, ४:१२ नंतरच्या काही सेकंदांत आहे. तिथे मी म्हणतो, “या किमतीच्या मानाने बास चांगला आहे.” किंमत तोवर सांगितलेलीच नाही. त्या वाक्यानंतर सुरू झालेल्या साखळ्यांचा मुक्काम बहुतेक वेळा किमतीवरच आहे, आणि त्यातले बरेच जण परत आवाजाच्या भागात येतात. ही अधीरता म्हणता येणार नाही. अर्धवट वाक्य पूर्ण करायला ते गेले होते.

हे तपासायला त्याच व्हिडिओच्या दोन आवृत्त्या केल्या. एकीत ०:२० पासून कोपऱ्यात किमतीची पट्टी, दुसरीत मूळ मांडणी. पान उघडताना दोनपैकी एक नशिबाने मिळते. दोन वेगळ्या उत्पादनांचे रिव्ह्यू शेजारी ठेवले असते तर फरक मांडणीचा की वस्तूचा, हे सांगता आलं नसतं. पट्टी असलेल्या आवृत्तीत ४:१२ ची गर्दी जवळजवळ विरली. निष्कर्षाकडच्या उड्या मात्र तशाच राहिल्या. म्हणजे किंमत शोधणारे आणि निष्कर्ष शोधणारे हे दोन वेगळे गट आहेत, निदान या व्हिडिओपुरते तरी.

निष्कर्षवाल्यांचं वागणं मला जास्त आवडतं. ते १०:२० च्या आसपास उतरतात, निकाल ऐकतात आणि अनेकदा मागे वळतात. माझ्या निष्कर्षात “माइक ठीकठाक” असे दोन शब्द आहेत, आणि तिथून ६:१० च्या माइकच्या भागाकडे जाणाऱ्या परतीच्या उड्या स्पष्ट दिसतात. निकाल ऐकून ते पुरावा बघायला जातात. रिटेन्शन ग्राफमध्ये हेच लोक माइकच्या भागातला निनावी उंचवटा बनून राहिले असते.

दोन ठिकाणी ही पद्धत आंधळी आहे. टाइमलाइनवर बोट फिरवताना छोटं पूर्वदृश्य दाखवणारा प्लेअर असेल, तर प्रेक्षक पट्टीवरचा आकडा त्यातच वाचून घेतो आणि उडी मारतच नाही. माझ्या साध्या प्लेअरमध्ये पूर्वदृश्य नाही, म्हणून हा प्रश्न येत नाही. दुसरं म्हणजे चॅप्टर. चॅप्टरची नावं दिसत असली की चाचपणीचे थांबेच नाहीसे होतात, सगळे ९:०५ वर नेमके उतरतात, आणि मग खरोखर किंमत हवी होती की नाव दिसलं म्हणून दाबलं, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून मोजणीच्या काळात चॅप्टर बंद ठेवले आहेत.

सध्या अडलंय ते ९:५० ते १०:२० या पट्ट्यात. किंमत आणि निष्कर्ष इतके लागून आहेत की तिथे उतरलेला माणूस कशासाठी आला हे साखळीवरूनही ठरत नाही. पुढच्या आवृत्तीत किंमत बॅटरीच्या आधी आणतोय, म्हणजे दोन्हींच्या मध्ये दीड मिनिटाची बॅटरी येईल आणि प्रत्येक मुक्काम कुठल्यातरी एकाच खात्यात जाईल.