परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी?

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिप हवी म्हणून मी दिसेल तिथे अर्ज टाकत होते. एका ठिकाणाहून व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं. मुलाखत म्हणून एक गूगल फॉर्म भरून घेतला आणि संध्याकाळी ऑफर लेटर हजर. घरून काम, महिना १२,००० स्टायपेंड. खाली बारीक अक्षरांत: ट्रेनिंग डिपॉझिट २,५०० रुपये (परत मिळेल), १८ टक्के जीएसटी ४५०, एकूण २,९५०. आजच भरा.

पैसे मागितले तिथेच खरं तर विषय संपायला हवा. पण लेटरवर एमएसएमईचा शिक्का होता आणि आई खूश होती. (एमएसएमईची ही उद्यम नोंदणी फुकट असते आणि स्वतःच माहिती भरून करता येते, म्हणून त्या शिक्क्यावर जाऊ नये.)

मामा अकाउंटंट. त्याने लेटर बघितलं आणि म्हणाला, "अगं, पैसे परत देणार ना? मग जीएसटी कशावर लावला?" जीएसटी सेवेच्या मोबदल्यावर लागतो; जी रक्कम परत करायची ती निव्वळ अनामत, तिच्यावर कर बसत नाही. म्हणजे ही सरळ फी होती, 'परत मिळेल' हे आमिष. मामाने जीएसटी नंबर मागायला लावला. पत्ता पुण्याचा, तर नंबर २७ ने सुरू व्हायला हवा. उत्तर आलं, "मॅम, बिल ट्रेनिंगनंतर मिळेल." पाठवलेला क्यूआर स्कॅन केला तर कंपनीऐवजी कुणा बाईंचं नाव दिसलं.

मग लेटरहेडवरचा सीआयएन घेतला. हा कंपनीचा २१ अक्षरी नोंदणी क्रमांक, त्यात राज्य आणि स्थापनेचं वर्ष असतं. यात KA आणि 2019 होतं, वर मात्र 'Since 2011' छापलेलं. नुसत्या KA वरून काही ठरत नाही, बेंगळुरूच्या कंपनीचं पुण्यात ऑफिस असू शकतं. पण कंपन्यांची सरकारी नोंद असलेल्या mca.gov.in वर तो क्रमांक टाकला तर भलत्याच कंपनीचं नाव आलं. नाव जुळलं असतं तरी कंपनी आहे एवढंच कळलं असतं. लेटर तिनेच पाठवलंय का, हे तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करूनच विचारावं लागतं.

शेवटी मी लिहिलं, "डिपॉझिट पहिल्या स्टायपेंडमधून कापून घ्या." "सिस्टिम अलाउ करत नाही," आणि लगेच ब्लॉक.

चॅटच्या स्क्रीनशॉटसकट तो नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद कॉल-मेसेज कळवायच्या 'चक्षू'वर कळवला. तिथे पैसे गेल्याची तक्रार घेत नाहीत. वर्गातल्या एकाने त्याच लोकांना पैसे भरले होते, त्याला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावला. तिथे व्यवहाराचा यूटीआर नंबर विचारतात. तो यूपीआय अ‍ॅपच्या हिस्टरीत त्या पेमेंटवर टॅप केलं की दिसतो.