सात किलो वाढले, पण कुठे?

सप्टेंबरातल्या एका शनिवारी माय-लेक माझ्या बेळगावच्या दवाखान्यात कुंद्याचा डबा घेऊन आले. मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे मिठाई घेऊन येणारे पेशंट कमीच. पोरगा खानापूर तालुक्यातला, बावीस वर्षांचा, उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला. जूनमध्ये आला तेव्हा उंची १७२ सेंटिमीटर आणि वजन जेमतेम ४९ किलो होतं. थायरॉइड, साखर, छातीचा एक्स-रे सगळं ठीक निघालं होतं. मी खाणं लिहून दिलं आणि तो गायबच झाला.

"मॅडम, छप्पन्न झालंय बघा!" आई खूश.

अडीच महिन्यांत सात किलो. नीट खाऊन आणि व्यायाम करून महिन्याला एखाद-दोन किलो वाढतं, तेही चांगलं चाललं तर. मी टेप काढली. जूनची मापं कार्डावर होतीच. बेंबीजवळ ७० होती, ती आता ८०. दंड २३ होता, तो साडेबावीस. मांडीही थोडी उतरलेली. म्हणजे वजन आलं होतं ते सगळं पोटावर आणि तोंडावर. तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. गाल गोल, फुगल्यासारखे. शर्ट वर करायला सांगितलं तर पोटाच्या कडेला जांभळट रेघा.

"खाली उकिडवा बस, आणि हात न टेकता ऊठ."

त्याला उठता येईना. टेबल धरून उठला. बावीस वर्षांचा, लोखंड उचलणारा पोरगा.

आईला बाहेर बसवून विचारलं. आधी "काही नाही ओ" झालं. मग खिशातून प्लास्टिकची पुडी निघाली. त्यात दोन प्रकारच्या सुट्या गोळ्या. जिमला येणाऱ्या एकानं 'भुकेच्या' म्हणून दिलेल्या. नशिबानं त्याच्या मोबाइलमध्ये मूळ पाकिटांचे फोटो होते: एक डेक्सामेथासोन, दुसरी सायप्रोहेप्टाडीन. पहिली स्टेरॉइड. ती भूक वाढवते, अंगात पाणी धरते, स्नायू झिजवते आणि चरबी पोटावर नि चेहऱ्यावर नेऊन ठेवते. दुसरी ॲलर्जीची. तिनंही भूक लागते, पण झोप येते. भट्टीपाशी डुलकी लागते म्हणून सुपरवायझर ओरडतो, हे तोच मग सांगायला लागला.

"आजपासून बंद करतो मॅडम."

नेमकं तेच करू द्यायचं नव्हतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. गोळी एकदम सोडली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणं, प्रसंगी जिवावर बेततं. त्याच दिवशी ओळखीच्या फिजिशियनकडे पाठवलं. त्यांनी रक्तदाब, साखर आणि सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं, सायप्रोहेप्टाडीन बंद केली आणि स्टेरॉइडचा डोस पायरीपायरीनं काही आठवड्यांत उतरवला. नोव्हेंबरात वजन ५१ वर आलं. आई माझ्यावर रुसली. तिच्या मते मी पोराचं वजन खाल्लं होतं.

आता खरं काम. त्याचा दिवस उलगडून बघितला: सकाळी चहा-टोस्ट, एकला डब्यात दोन चपात्या आणि पातळ भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री नऊला भात-आमटी. मधले तास कोरडे. त्याला पोट फुटेस्तोवर जेव म्हणण्यात अर्थ नव्हता, दोन दिवसांत सोडलं असतं. म्हणून जेवण तेच ठेवलं आणि दोन भर घातल्या. अकराच्या सुट्टीत ५० ग्रॅम भाजके शेंगदाणे, म्हणजे मोठी मूठभर. पाचला चहाऐवजी मोठा ग्लास दूध. एवढ्यानंच साधारण सव्वाचारशे ते साडेचारशे कॅलरी आणि वीसेक ग्रॅम प्रथिनं वाढली. टोस्टच्या जागी भाकरी आणि दोन अंडी आली ती महिन्याभरानं, आधीचं पचतंय हे बघून.

पण अंगाला कामच नसेल तर हे जास्तीचं खाणंही पोटावरच बसतं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आठवड्यातून तीन दिवस जोर, बैठका आणि वजनं सुरू केली. शेवटचे दोन-तीन जोर जड गेले पाहिजेत, आणि सोपे वाटायला लागले की वाढवायचे, एवढाच नियम. फाउंड्रीत उचलतोच की, असं त्याचं म्हणणं. पण तिथलं ओझं रोज तेवढंच असतं, आणि त्याची शरीराला कधीच सवय झालेली असते.

दर पंधरवड्याला वजनासोबत टेप लावायची. कंबर दंडापेक्षा वेगानं वाढायला लागली तर खाणं थोडं कमी. जानेवारीत एकदा तसं झालं. चौकशी केली तर रात्री दुधात चार चमचे साखर चालू होती, आईच्या हातची.

मार्चमध्ये वजन ५५, कंबर ७२, दंड २५. उकिडवा बसून हात न टेकता उठला. सप्टेंबरपेक्षा आकडा एक किलोनं कमीच, आणि बांधा मुळात बारीक, त्याचे आजोबाही तसेच होते म्हणे.

"अजून किडकिडीतच दिसतंय ओ पोर," आई म्हणाली.

मी तिला त्याचा दंड दाबून बघायला सांगितलं. दोनदा दाबला, काही बोलली नाही.