कोल्हापूर ते बेंगळुरू गाडीने : खरंच किती तास लागतात?

आमच्याकडं कुणालाही विचारा, बेंगळुरूला किती वेळ लागतो, उत्तर ठरलेलं, "आठ तासांत सहज." आमच्या मामांनीही तेच सांगितलं, वर "मी तर पावणेआठ तासांत गेलतो" हे आहेच. आता मामा एकटे गेले होते की अख्खी फॅमिली घेऊन, मध्ये जेवले का नाही, ते त्यात येत नाही.

मला मुलं आणि आई घेऊन जायचं होतं म्हणून आदल्या रात्री बसून हिशोब केला. अंतर ६०० किमीच्या आसपास, काटा १०० वर ठेवला तरी ट्रक ओव्हरटेक करणं, टोल, फ्लायओव्हरची कामं हे सगळं धरून तासाला ८० किमी पडतात. हे ८० कुठून काढायचं तर मोकळ्या पट्ट्यात ट्रिप मीटर झीरो करायचा आणि न थांबता तासभर चालवून बघायचं, बहुतेकांचं ७५ ते ८५ च्या मध्येच येतं. म्हणजे ६०० भागिले ८०, साडेसात तास. मामांचा हिशोब इथंच संपतो.

पण सगळा रस्ता ८० चा नाही ना. घरापासून शाहू नाका ८ किमी, २० मिनिटं. धारवाड-हुबळी बायपास साधारण ३० किमी, वर्षानुवर्षं दुपदरी होता आणि रुंदीकरणाच्या कामात एका ट्रकमागं अख्खी रांग, तिथं मी ४५ चा स्पीड धरला, म्हणजे ४० मिनिटं. आणि नेलमंगलापासून बेंगळुरूत आत पाहुण्यांच्या घरापर्यंत ३२ किमी, दीड तास, हो दीड तास. हे तिन्ही मिळून फक्त ७० किमी होतात आणि खातात अडीच तास! उरलेले ५३० किमी ८० ने ६ तास ३७ मिनिटं. एकूण चाक फिरायचा वेळ ९ तास १० मिनिटांच्या आसपास, सरासरी ८० वरून ६६ वर आली.

गंमत अशी की मोकळ्या रस्त्यावर जोर लावून सरासरी ८० ची ८५ केली तरी ५३० किमीत वाचतात जेमतेम २५ मिनिटं, त्यासाठी काटा ११०-११५ वर ठेवायचा, पेट्रोल जास्त जाळायचं आणि शेजारी बसलेल्या बायकोच्या शिव्या खायच्या. जेवणाच्या हॉटेलात ऑर्डर उशिरा आली की ती २५ मिनिटं गेलीच.

मग थांबे. दोन-सव्वादोन तासांनी उतरायचंच, पाठ आणि डोळे दोन्हीला बरं. तीन चहा-नाष्ट्याचे थांबे १५ मिनिटांचे, जेवण ४५ मिनिटं, झाला दीड तास. लहान मुलं असली की १५ ची २५ होतात, बाथरूमची लाइन, चिप्सचा हट्ट, कुणाची तरी चप्पल सापडत नाही.

पेट्रोलचं मी असं केलं, कोल्हापुरात फुल केलं नाही, कारण बॉर्डर ओलांडली की बहुतेक वेळा स्वस्त पडतं, आपल्याकडचे लोक तेवढ्यासाठी तिकडं जातातच. निपाणीजवळ टाकी फुल. टाकी ३७ लिटरची, हायवेला मायलेज १६, पण काटा तळाला जाईपर्यंत कोण थांबतंय, ३० लिटरच वापरायचे धरले तर ४८० किमी. म्हणजे निपाणीपासून पुढं तुमकूरच्या अलीकडं परत भरावं लागणार. ते शेवटच्या घटकेला नको म्हणून चित्रदुर्गला जेवणाच्या थांब्यालाच जोडून टाकलं. वेगळं थांबलं की हायवे सोडा, पंपावर रांग, परत हायवेला लागा, यात २० मिनिटं जातात, जोडून घेतलं की १० च. निपाणीत सकाळी रांग नसणार म्हणून तिथंही १० च, दोन्ही वेळचे मिळून २० मिनिटं धरली.

९:१० अधिक १:३० अधिक ०:२०, बरोबर ११ तास. मामांच्या आठपेक्षा तीन तास जास्त.

आता निघायचं कधी, हे शेवटाकडून ठरवायचं. नेलमंगलाला संध्याकाळच्या गर्दीआधी पोचलं तरच तो दीड तास खरा, पाच-सहाला पोचलं तर अडीचसुद्धा होतात. पहाटे ५ ला निघालो तर हिशोबाने तिथं अडीचला पोचणार, सातला निघालो तर साडेचार, आणि मध्ये काही अडलं तर थेट गर्दीत. म्हणजे दोन तासांची जास्त झोप आणखी एक तास महाग करते. आई म्हणाली, "एवढ्या पहाटं कशाला रे?" तरी पाचलाच निघालो. कित्तूरजवळ नाष्टा जरा लांबला, हुबळी बायपासला ठरल्यापेक्षा दहा मिनिटं जास्त गेली, बाकी सगळं धरल्यासारखंच, नेलमंगला तीनच्या आत.

परत येताना मात्र तेच आकडे चालत नाहीत. पहाटे ५ ला बेंगळुरू सोडलं की तेच ३२ किमी पाऊण तासात संपतात, त्यामुळं सव्वादहा तासच धरा. फक्त शेवटी कागल ते कोल्हापूर सहापदरीच्या कामाची डायव्हर्जन असतील तर तिथं १५ मिनिटं जास्तीची ठेवा.